वॉर्डातला सेप्सिस वेळेत कसा ओळखावा: श्वास मोजण्यापासून फोन करण्यापर्यंत

कुठल्याही जनरल वॉर्डात टीपीआर चार्ट उघडून श्वासाचा रकाना बघा. वरपासून खालपर्यंत २०, २०, १८, २०, २०. शेजारच्या बेडचा चार्ट उघडा, तिथेही तेच. तीस पेशंटचे श्वास इतके सारखे कधीच नसतात. हे आकडे मोजलेले नसतात, भरलेले असतात. आणि सेप्सिसची पहिली खूण बऱ्याचदा नेमकी याच रकान्यात उमटते.

मी बरीच वर्षं वॉर्डात काम केलं आणि आता नव्या सिस्टर्सना, इंटर्नना शिकवते. सेप्सिस म्हणजे काय हे विचारलं तर सगळ्यांना सांगता येतं. चुकतं ते रात्री दहा वाजता, बेडजवळ: काय आधी बघायचं, कुठल्या आकड्यावर थांबायचं, फोन कोणाला करायचा आणि काय बोलायचं. म्हणून हा लेख त्या क्रमानेच लिहिला आहे.

एवढं एकच लक्षात ठेवून पुढे वाचा. जंतुसंसर्गाला शरीर जो प्रतिसाद देतं तोच बिघडतो आणि स्वतःचे अवयव निकामी व्हायला लागतात, तो सेप्सिस. त्यामुळे आपल्याला ताप शोधायचा नाही, अवयव बिघडल्याच्या खुणा शोधायच्या आहेत. ताप असेलही, नसेलही. रक्तदाब तर बहुतेकदा उशिरा पडतो, कारण हृदय जोरात चालवून आणि रक्तवाहिन्या आवळून शरीर तो बराच वेळ सावरून धरतं.

इथले आकडे प्रौढ पेशंटसाठी आहेत. लहान मुलं, गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांसाठी वेगळे चार्ट असतात, तिथे हे लावू नका.

## तयारी: शिफ्ट सुरू होण्याआधी

रात्री सेप्सिस ओळखूनही पहिलं अँटिबायोटिक दीड-दोन तासांनी जातं, हे मी अनेकदा पाहिलं आहे. डॉक्टर आले, लिहून दिलं, मग नातेवाइकांच्या हातात चिठ्ठी दिली. बिचारा मुलगा खालच्या मेडिकलवर गेला, तिथे ते इंजेक्शन नव्हतं, मग रस्त्यापलीकडच्या दुकानात. तोपर्यंत आपण सलाईन लावून वाट बघत बसतो. ही वेळ वाचवायची तर तयारी दिवसाउजेडी झाली पाहिजे.

वॉर्डात एक सेप्सिस ट्रे कायम भरलेला ठेवा. त्यात ब्लड कल्चरच्या बाटल्यांच्या दोन जोड्या, त्वचा पुसायला अल्कोहोलमिश्रित क्लोरहेक्सिडिन, मोठ्या सिरिंज, लॅक्टेटसाठी फ्लोराइडची ट्यूब, १८ आणि २० नंबरचे कॅन्युला, रिंगर लॅक्टेटच्या दोन बाटल्या आणि आपल्या हॉस्पिटलच्या अँटिबायोटिक धोरणात ठरलेल्या औषधांचा पहिला डोस एवढं असावं. वापरलेला डोस नंतर पेशंटच्या नावावर बदलून घेता येतो. त्यासाठी इनचार्ज सिस्टर आणि फार्मसी यांच्यात आधीच लेखी ठरवून घ्या.

दुसरी गोष्ट म्हणजे नंबरांची यादी. रात्रीचा आरएमओ किंवा रेसिडेंट, त्याच्या वरचा रजिस्ट्रार, ऑन-कॉल कन्सल्टंट, आयसीयू. आजच्या तारखेची यादी, टेबलाच्या काचेखाली.

तपासा: ट्रेमधल्या कल्चरच्या बाटल्यांची मुदत संपलेली नाही ना? सेकंदकाटा असलेलं घड्याळ चालू आहे ना? जाड दंडासाठी मोठा बीपी कफ वॉर्डात आहे ना? दंड जाड आणि कफ लहान असेल तर बीपी खोटं जास्त येतं आणि नेमका पडलेला दाब झाकला जातो.

## टप्पा १: ओव्हर घेताना कोणावर खूण करायची

सगळ्या पेशंटकडे सारखंच लक्ष देणं एका सिस्टरला शक्य नसतं. म्हणून ओव्हर घेतानाच चार-पाच बेडवर मनातल्या मनात खूण करा. लघवीची नळी असलेले, ऑपरेशनला दोन ते सात दिवस झालेले, मधुमेही पायाची जखम असलेले, स्टिरॉइड किंवा केमोथेरपी चालू असलेले, डायलिसिसचे, आणि सत्तरीच्या आसपासचे किंवा त्याहून मोठे. हातातला जुना कॅन्युलाही विसरू नका. पट्टीखाली लाल, कडक, दुखरी शीर असेल तर तीही संसर्गाची वाट असते.

याच लोकांमध्ये ताप फसवतो. म्हातारपणी, स्टिरॉइडवर किंवा मूत्रपिंडाच्या आजारात शरीर तापतच नाही, कधी उलट गार पडतं. दुखण्यासाठी दर सहा-आठ तासांनी पॅरासिटामॉल चालू असेल तर थर्मामीटर काहीच सांगणार नाही. तसंच ॲटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल घेणाऱ्याची नाडी वाढायला हवी तेवढी वाढत नाही.

इशारा: ९५ फॅरनहाइट किंवा त्याहून कमी तापमान दिसलं की 'थर्मामीटर नीट लागला नसेल' म्हणून सोडून देऊ नका. पुन्हा घ्या. खरंच तेवढं असेल तर ते तापापेक्षा वाईट लक्षण आहे.

## टप्पा २: श्वास पूर्ण एक मिनिट मोजा

हा टप्पा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात जास्त चुकणारा, म्हणून यावर थोडं थांबते.

संसर्गात शरीरात आम्ल वाढायला लागतं. ते बाहेर टाकायला माणूस जोरजोरात श्वास घेतो. म्हणजे छातीत काहीही नसताना, संसर्ग मूत्रमार्गात किंवा पोटात असतानाही श्वासाची गती वाढते. ऑक्सिमीटर मात्र अजून ९६ दाखवत असतो आणि आपण निर्धास्त राहतो. ऑक्सिजनची पातळी आणि श्वासाची गती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक चांगली आहे म्हणून दुसरी मोजायची नाही असं होत नाही.

मोजायची पद्धत अशी. आधी नाडी मोजा. ती झाली तरी मनगटावरची बोटं काढू नका. पेशंटला वाटत राहील की तुम्ही नाडीच बघताय. 'आता श्वास मोजते' म्हटलं की माणूस श्वास बदलतो. अंगावरची चादर, शाल पोटापर्यंत खाली करा. लुगडं किंवा गाऊन जाड असेल तर दुसरा हात हलकेच पोटाच्या वरच्या भागावर ठेवा. घड्याळाकडे बघत पूर्ण साठ सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं की एका श्वासाची चूक चार श्वासांची होते. मग २० आणि २४ यांतला फरकच कळत नाही, आणि आपला सगळा निर्णय त्या फरकावर उभा असतो.

१२ ते २० श्वास ठीक. २१ ते २४ आले तर जागे व्हा. २५ किंवा जास्त असतील तर बाकी काहीही चांगलं असलं तरी डॉक्टरांना कळवायचं.

नेहमीची चूक: 'पेशंट घाबरलाय म्हणून श्वास वाढलाय.' घाबरण्याने श्वास वाढतो हे खरं, पण हे निदान शेवटी करायचं, आधी नाही. पाच मिनिटं बसून बोला, धीर द्या, पुन्हा मोजा. तरीही वाढलेलाच असेल तर तो घाबरण्याचा नाही असं धरून चाला.

शिकवताना: दोन सिस्टर्सना एकाच पेशंटचा श्वास, एकमेकींना न सांगता, एकाच मिनिटात मोजायला लावा. मग चार्टवर आधीच्या शिफ्टने लिहिलेला आकडा दाखवा. या पाच मिनिटांत जे समजतं ते तासभराच्या लेक्चरने समजत नाही.

## टप्पा ३: शुद्ध, लघवी आणि त्वचा

शुद्धीत आहे का, हे 'आजी, कशा आहात?' विचारून कळत नाही. 'बरी आहे' हे उत्तर सवयीने तोंडातून येतं. 'आजी, आत्ता कुठे आहात? सोबत कोण आलंय? जेवण झालं का, काय जेवलात?' असं विचारा. वाक्य मध्येच सोडतात का, एकच गोष्ट परत परत बोलतात का, दिवस आहे की रात्र याचा गोंधळ आहे का, ते बघा.

पण सगळ्यात विश्वासाची साक्ष सोबतच्या माणसाची. त्यांना एकच प्रश्न विचारा: 'या नेहमीसारख्या वागताहेत ना?' मुलगी म्हणाली, 'आई संध्याकाळपासून उगीच काहीतरी बरळतेय', तर ती चार्टवर नोंदवायची गोष्ट आहे. हा नव्याने आलेला गोंधळ आहे. त्याला 'वयामुळे होतं' म्हणायचं नाही. जुना स्मृतिभ्रंश असलेल्या माणसातही कालपेक्षा आज फरक पडला असेल तर तो नवाच धरायचा.

गोंधळ दिसला की लगेच ग्लुकोमीटरने साखर बघा. साखर कमी झाल्यानेही हेच चित्र दिसतं आणि ते दोन मिनिटांत सुधारता येतं.

इशारा: रात्री पेशंट उठून बसतोय, नळी ओढतोय, तर झोपेचं इंजेक्शन मागण्याआधी आणि हात बांधण्याआधी श्वास, बीपी, साखर, ऑक्सिजन बघा. अस्वस्थ पेशंटला गुंगी दिली की वॉर्ड शांत होतो, पण सेप्सिसची एकमेव दिसणारी खूणही पुसली जाते.

लघवीसाठी बॅगेत किती आहे हे बघून उपयोग नाही, मागच्या किती तासांत किती झाली हे हवं. दर तासाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे अर्धा मिली ही खालची मर्यादा धरा. पन्नास किलोच्या माणसाला तासाला २५ मिली. बॅग रिकामी केल्याची वेळ चार्टवर नसेल तर हे गणितच करता येत नाही, म्हणून वेळ लिहिण्याची सवय लावा. लघवी कमी दिसली की नळी वाकली आहे का, अडकली आहे का, ते आधी बघा. आणि लघवी कमी म्हणून सरळ लॅसिक्स देण्याचा मोह टाळा. रक्तपुरवठा कमी पडल्याने लघवी आटली असेल तर लॅसिक्सने पेशंट आणखी कोरडा होतो.

त्वचेसाठी एवढंच: बोटाचं टोक पाच सेकंद दाबून सोडा. रंग परत यायला तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला, हातपाय गार असले, किंवा गुडघ्याभोवती जांभळट जाळी दिसली तर रक्ताभिसरण कमी पडतंय. उलट सुरुवातीला काही पेशंटचे हात गरम आणि गुलाबीही असतात, तेव्हा फक्त गरम हातांवर विश्वास ठेवू नका.

## टप्पा ४: बेरीज करा

एकेक आकडा सुटा बघितला की प्रत्येकाला काहीतरी सबब सापडते. म्हणून बेरीज करायची. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये सुधारून दिलेला न्यूज-२ स्कोर वॉर्डासाठी सोयीचा आहे. त्यात श्वास, ऑक्सिजन, बाहेरून ऑक्सिजन चालू आहे का, वरचं बीपी, नाडी, शुद्ध आणि तापमान यांना गुण असतात. त्याचा छापील तक्ता चार्टच्या मागे चिकटवा, पाठ करायची गरज नाही. सीओपीडीच्या ज्या पेशंटना डॉक्टरांनी ८८ ते ९२ ऑक्सिजन ठरवून दिला आहे, त्यांच्यासाठी ऑक्सिजनची वेगळी पट्टी असते, तेवढं पाहून घ्या.

क्यूसोफा नावाचा तीन खुणांचा छोटा स्कोरही प्रचलित आहे. श्वास २२ किंवा जास्त, वरचं बीपी १०० किंवा कमी, आणि बदललेली शुद्ध. यांतल्या दोन असतील तर पेशंट धोक्यात आहे हे नक्की. पण नसतील तर धोका नाही असं मात्र म्हणता येत नाही. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनीही फक्त त्याच्यावर विसंबून चाळणी करू नका असं सांगितलं आहे.

आता एक केस. ही शिकवण्यासाठी रचली आहे, पण तिच्यातली प्रत्येक चूक मी वॉर्डात घडताना पाहिली आहे.

फीमेल ऑर्थो वॉर्ड, बेड १४. ६६ वर्षांच्या आजी, वजन ५० किलो, मधुमेह आणि रक्तदाबाच्या पेशंट, ॲटेनोलॉल चालू. खुब्याच्या ऑपरेशनचा तिसरा दिवस, लघवीची नळी घालून चौथा दिवस. आल्या तेव्हाचं बीपी १४६/८४. रात्री ८ वाजता दुखण्यासाठी पॅरासिटामॉल दिलेलं.

रात्री १० ची नोंद घाईत अशी होते: श्वास २०, ऑक्सिजन ९४, बीपी १०८/६२, नाडी ९८, तापमान १०० फॅरनहाइट, शुद्धीत. गुण मोजा. ऑक्सिजनचा १, बीपीचा १, नाडीचा १, बाकी शून्य. बेरीज ३. म्हणजे पुढची तपासणी चार-सहा तासांनी, पहाटे.

आता तेच आकडे, तोच पेशंट, तीच वेळ. फक्त श्वास मिनिटभर मोजला आणि मुलीला विचारलं. श्वास २४ निघाला, त्याचे २ गुण. मुलगी म्हणाली, 'आई मला मावशीच्या नावाने हाक मारतेय', नवा गोंधळ, त्याचे ३ गुण. बेरीज ३ ची ८ झाली. न्यूज-२ मध्ये ५ पासून तातडीने डॉक्टरांनी बघायचं असतं आणि ७ किंवा जास्त म्हणजे आणीबाणी. कुठल्याही एकाच गोष्टीचे पूर्ण ३ गुण आले तरी, बेरीज कमी असूनही, डॉक्टरांना कळवायचंच.

या आजींचं बीपी वरवर बघता १०८ म्हणजे ठीक वाटतं. पण त्यांच्या नेहमीच्या बीपीपेक्षा ते ३८ ने खाली आहे. ॲटेनोलॉल चालू असताना ९८ नाडी म्हणजे औषध नसतं तर किती असती, याचा विचार करा. बॅगेत चार तासांत ७० मिली गढूळ लघवी, हवी होती किमान १०० मिली. साखर २१२, म्हणजे गोंधळ साखर कमी झाल्याचा नाही.

तपासा: न्यूज-२ पेशंट किती आजारी आहे ते सांगतो, कशाने ते सांगत नाही. खुब्याच्या ऑपरेशननंतर फुप्फुसात गुठळी अडकली किंवा आत रक्तस्राव झाला तरी हेच आकडे येऊ शकतात. निदान डॉक्टरांनी करायचं. तुम्ही निदान पक्कं होईपर्यंत फोन करायला थांबू नका.

## टप्पा ५: फोन

बहुतेक वेळ इथे वाया जातो. 'सर, १४ नंबरचा पेशंट जरा बरा वाटत नाहीये' असा फोन गेला की पलीकडून 'पॅरासिटामॉल द्या, सकाळी बघतो' असं उत्तर येतं. दोष एकट्या डॉक्टरचा नसतो. त्याने अर्धवट झोपेत ऐकलेल्या वाक्यात निर्णय घेण्यासारखं काही नव्हतं.

फोन उचलण्याआधी केस पेपर आणि चार्ट हातात घ्या. चार गोष्टी याच क्रमाने सांगा: आत्ता काय झालंय, पेशंट कोण आहे, मला काय वाटतंय, मला तुमच्याकडून काय हवंय. आमच्या आजींसाठी फोन असा होईल:

'सर, फीमेल ऑर्थोमधून सिस्टर बोलतेय. बेड १४ च्या आजींचा न्यूज स्कोर ८ आहे. श्वास २४, बीपी १०८/६२, आल्या तेव्हा १४६ होतं, आणि संध्याकाळपासून नवा गोंधळ आहे. खुब्याच्या ऑपरेशनचा तिसरा दिवस, शुगर आहे, ॲटेनोलॉल चालू आहे, कॅथेटरमधली लघवी गढूळ आणि कमी आहे, साखर २१२. मला सेप्सिसची शंका आहे. तुम्ही आत्ता येऊन बघा. तोपर्यंत मी कल्चर आणि लॅक्टेटची तयारी करते. किती मिनिटांत येताय?'

शेवटचा प्रश्न सोडू नका. त्याचं उत्तर आणि वेळ केस पेपरवर लिहा.

न आल्यास काय करायचं हे आधीच ठरलेलं असलं पाहिजे. स्कोर ७ किंवा जास्त असेल आणि दहा-पंधरा मिनिटांत कोणी आलं नाही, तर रजिस्ट्रारला, तिथूनही नाही तर कन्सल्टंटला. ही तक्रार नाही, हा क्रम आहे, आणि तो हॉस्पिटलने लेखी दिला पाहिजे, म्हणजे नव्या मुलीला वरच्यांना फोन करताना कचरायला होत नाही. बीपी ९० च्या खाली, पेशंट हाकेला उठत नाही किंवा श्वास ३० च्या वर असेल तर शिडी चढत बसू नका, एकाच वेळी रेसिडेंट आणि आयसीयू दोघांना कळवा.

शिकवताना: हा फोन जोडीजोडीने मोठ्याने बोलून घ्या. एकीला डॉक्टर करा आणि तिला मुद्दाम 'सकाळी बघू' म्हणायला लावा. समोरची काय बोलते ते ऐका. 'सर, मी हे बोलणं वेळेसह नोंदवते आणि रजिस्ट्रारना कळवते' हे वाक्य शांतपणे म्हणता यायला हवं, आणि ते सरावाशिवाय येत नाही.

## टप्पा ६: पहिला तास, याच क्रमाने

सेप्सिसची शक्यता दाट असेल किंवा पेशंट शॉकमध्ये असेल तर ओळखल्यापासून एका तासात अँटिबायोटिक गेलं पाहिजे. शॉक नसेल आणि सेप्सिस आहे की दुसरं काही याची खरोखर शंका असेल, तर डॉक्टरांना भराभर तपासण्या करून ठरवायला तीन तासांपर्यंत मुभा आहे. ही मुभा तपासण्यांसाठी आहे, वाट बघण्यासाठी नाही.

१. ऑक्सिजन कमी असेल तर लावा, आणि चांगली शीर पकडा. शक्य तर दोन.

२. कल्चर आधी घ्या. त्वचा क्लोरहेक्सिडिनने चोळून पुसा आणि पूर्ण वाळू द्या, ओल्या त्वचेत टोचू नका. दोन वेगळ्या ठिकाणांहून दोन जोड्या, प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली रक्त. एकाच बाटलीत तीन मिली टाकून पाठवलेलं कल्चर निगेटिव्ह आलं तर ते रक्त कमी होतं म्हणून आलं की जंतू नव्हते म्हणून, हे कोणालाच सांगता येणार नाही. लघवीचा नमुना नळीच्या सॅम्पलिंग पोर्टमधून घ्या, बॅगेतून कधीच नाही.

३. त्याच टोचणीत लॅक्टेटचं रक्त घ्या आणि लगेच पाठवा. ट्यूब टेबलावर पडून राहिली तर रक्तपेशी स्वतःच लॅक्टेट तयार करतात आणि आकडा खोटा वाढतो. २ च्या वर लॅक्टेट म्हणजे लक्ष द्या, ४ किंवा जास्त म्हणजे बीपी चांगलं दिसत असलं तरी पेशंट गंभीर.

४. अँटिबायोटिक. औषध डॉक्टर ठरवतील. पहिला डोस मूत्रपिंड खराब असलं तरी सहसा पूर्णच दिला जातो, कमी करायचा तो पुढच्या डोसांत. डोस कमी लिहिलेला दिसला तर एकदा विचारून घ्या.

५. सलाईन. बीपी पडलेलं असेल किंवा लॅक्टेट वाढलेलं असेल तर पहिल्या तीन तासांत किलोमागे ३० मिली असा हिशोब सांगितला आहे. आजींसाठी ते १५०० मिली होतात. पण हे एकदम लावून विसरायचं नाही. ५०० मिली द्या, मग छाती ऐका, श्वास मोजा, बीपी घ्या, मग पुढचं. हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर बाटल्या याहून लहान.

इशारा: शीर सापडेना म्हणून कल्चर अडलंय आणि त्यामुळे अँटिबायोटिकही अडलंय, असं होऊ देऊ नका. पाऊण तासात कल्चर जमलं नाही तर औषध द्या. उलट चूकही तेवढीच होते: औषध देऊन टाकलं आणि कल्चर दुसऱ्या दिवशी सकाळी. तेव्हा त्यात बहुतेकदा काही उगवत नाही आणि पुढे औषध बदलायचं तर कशाच्या आधारावर, हे कळत नाही.

आजींच्या बाबतीत घड्याळ असं चाललं. १०:०५ ला श्वास मोजला, १०:१० ला फोन, १०:२० ला रेसिडेंट बेडजवळ. १०:३५ ला दोन्ही कल्चर, १०:४० ला लॅक्टेट ३.६ कळलं, १०:४५ ला ट्रेमधल्या डोसनेच अँटिबायोटिक सुरू, १०:५० ला पहिलं ५०० मिली रिंगर लॅक्टेट. ट्रे नसता तर या चाळीस मिनिटांत मुलगी मेडिकलच्या रांगेत उभी असती.

## टप्पा ७: पुन्हा बघा, आणि ठरवून बघा

औषध गेलं की सगळे पांगतात. पण पहिले सहा तास पेशंट कुठल्या बाजूला कलतोय हे सिस्टरलाच दिसतं. प्रत्येक ५०० मिलीनंतर आणि किमान दर अर्ध्या तासाने सगळे आकडे, लघवी दर तासाला. लॅक्टेट २ च्या वर आलं होतं तर दोन ते चार तासांत पुन्हा पाठवा.

सरासरी बीपी काढायला शिका: खालच्या बीपीची दुप्पट करा, त्यात वरचं मिळवा आणि तीनने भागा. १०८/६२ चं ७७ येतं. सलाईन जाऊनही हे ६५ च्या खाली राहिलं, लॅक्टेट उतरेना, किंवा गुंगी वाढत गेली तर पेशंट आता वॉर्डाचा राहिला नाही. आयसीयूत हलवायचं आणि नॉरॲड्रेनॅलिन सुरू करायचं. सेंट्रल लाइन होईपर्यंत ते हातातल्या चांगल्या, मोठ्या शिरेतूनही थोडा वेळ देता येतं, जागा सुजत नाही ना यावर नजर ठेवून.

संसर्गाचा उगमही बघायलाच हवा. पू साठला असेल, टाके गळत असतील, मुतखड्याने मूत्रमार्ग अडला असेल तर तो मोकळा केल्याशिवाय नुसत्या अँटिबायोटिकने भागत नाही. आजींची नळी बदलायची की काढायची हे डॉक्टरांना त्याच रात्री विचारा.

११:२० ला आजींचं बीपी १०४/५८ होतं. छाती ऐकून दुसरं ५०० मिली दिलं. १२:३० ला श्वास २२, बीपी ११६/६६, तासाभरात ४० मिली लघवी, आणि मुलीला त्यांनी तिच्या नावाने हाक मारली. रात्री १ वाजता लॅक्टेट २.१. पुढे २ वाजता ताप आला, १०१.८. मुलगी घाबरून टेबलाशी आली, 'सिस्टर, आता तर तापही चढला.' पॅरासिटामॉलचा असर उतरला होता, एवढंच. सगळे ज्याची वाट बघत बसतात तो ताप अँटिबायोटिकनंतर सव्वातीन तासांनी आला.

सकाळी ८ च्या ओव्हरमध्ये 'बेड १४, रात्री ताप होता, सलाईन गेलं' असं सांगू नका. असं सांगा: '१०:०५ ला स्कोर ८, मूत्रमार्गाच्या सेप्सिसची शंका, १०:४५ ला पहिला डोस, दोन कल्चर गेलीत, लॅक्टेट ३.६ वरून २.१, आत्ता श्वास २०, मी स्वतः मोजलाय. पुढचा डोस किती वाजता, नळीचं काय, आणि कल्चरचा पहिला फोन लॅबमधून आला की कोणाला कळवायचं, हे केस पेपरवर लिहिलंय.'